रोज दुपारी घड्याळातली उंची ३०-४० मीटरने वाढते : अल्टिमीटर, बॅरोमीटर आणि कंपास ट्रेकआधी कसे लावून घ्यावेत

तक्रार जवळपास एकाच साच्याची असते. सकाळी घरी उंची नीट लावली, घड्याळ टेबलावरच होतं, तरी दुपारी चारला ते ३५ मीटर वर गेलेलं दिसतं. रात्री पुन्हा बरंचसं खाली येतं आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ. मग माणूस घड्याळ रिसेट करतो, अपडेट टाकतो, दुकानात घेऊन जातो आणि काहीच फरक पडत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर या भागात हे जास्त जाणवतं, विशेषतः मार्च ते मे. बहुतेक वेळा सेन्सर शंभर टक्के ठीक असतो. गोंधळ होतो तो आपण त्याला कोणता आकडा, कुठे आणि कधी देतो यात.

आधी २४ तासांची चाचणी

घड्याळ बिघडलंय की हवा बदलतेय, हे ओळखायला एक पूर्ण दिवस द्या. घड्याळ हातातून काढून घरातल्या एका कपाटावर ठेवा, उन्हात किंवा कूलरसमोर नको. अल्टिमीटर-बॅरोमीटरचा मोड `Auto` वर असेल तर तो फक्त अल्टिमीटरवर करा, नाहीतर दाबाचा बदल हवामान समजून घड्याळ उंची हलू देणार नाही आणि चाचणीला अर्थ राहणार नाही. सकाळी दहाला उंची लावा, समजा ५८० मीटर. मग दुपारी चारला, रात्री दहाला, पहाटे चारला आणि पुन्हा सकाळी दहाला आकडा लिहून ठेवा.

उन्हाळ्यातल्या एखाद्या शांत दिवशी चांगल्या घड्याळाचे आकडे साधारण असे येतील : दुपारी चारला ६१५, रात्री दहाला ५९०, पहाटे चारला ६०५ आणि सकाळी दहाला पुन्हा ५८० च्या आसपास. दोनदा चढलं, दोनदा उतरलं आणि चोवीस तासांनी जागेवर आलं. असा आलेख मिळाला तर घड्याळ निर्धास्त वापरा, ते अगदी बारीक बदलही पकडतंय.

याउलट आकडा दिवसभर तसूभरही हलला नाही तर दोन शक्यता आहेत : मोड चुकीचा आहे, किंवा सेन्सरचं छिद्र बुजलंय. दहा मिनिटांत ५० मीटरची उडी दिसली तर ते हवेचं काम नाही. त्याकडे शेवटी येऊ.

हे होतं कशामुळे

घड्याळात उंची मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. असतो तो एकच, हवेचा दाब मोजणारा. दाब कमी झाला की घड्याळ म्हणतं, तुम्ही वर चढलात. दाब वाढला की म्हणतं, खाली उतरलात. तुम्ही खरंच चढलात की नुसती हवा बदलली, हे दाबाच्या आकड्यातून कळायला मार्ग नाही. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण ८ मीटर. संभाजीनगरच्या उंचीवर तो जवळपास ९ मीटर होतो आणि ३५०० मीटरवर सुमारे १२ मीटर.

आता हवेचं वागणं बघा. सूर्य वातावरण तापवतो आणि त्यातून संपूर्ण वातावरणात दर बारा तासांनी एक लाट फिरते, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी. दाब सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चार आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते आणि दुपारची ओहोटी पहाटेच्या ओहोटीपेक्षा खोल. विषुववृत्ताकडे ही लाट जोरकस असते, उत्तरेकडे जाऊ तशी ती मंदावते. आपल्याकडे कोरड्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब साधारण ३ ते ५ हेक्टोपास्कलने उतरतो. नऊने गुणा : २७ ते ४५ मीटर. पावसाळ्यात ढग असले की हा चढउतार कमी होतो.

युरोपात ही लाट इतकी लहान असते की येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांच्या मोठ्या बदलांत ती दिसतही नाही. म्हणून घड्याळांच्या पुस्तिकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही, आणि आपण दोष घड्याळाला देतो.

यावरून पहिला नियम निघतो. सकाळी दहाला लावलेली उंची दुपारी चारला वापरायची नाही. चढाई सुरू करण्याच्या आधी अर्ध्या तासात लावायची, आणि वाटेत ओळखीची उंची मिळाली की पुन्हा लावायची.

कोणता आकडा भरायचा, आणि कोणता नाही

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा सावकाश.

उंची लावण्याचे मार्ग दोन. एक, तुम्ही उभे आहात त्या जागेची उंची मीटरमध्ये भरायची. दोन, समुद्रसपाटीवरचा दाब भरायचा आणि घड्याळाला उंची काढू द्यायची. पहिला मार्ग सरळ आहे, शक्य असेल तेव्हा तोच घ्यावा. जागेची उंची कुठून मिळेल? रेल्वे स्थानकाच्या फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फलाटावर उभं राहून तो आकडा भरला की काम झालं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा साधारणपणे २० मीटरच्या अंतराने असतात, त्यातून गावठाणाची उंची दहा मीटरच्या आत काढता येते. शहराची म्हणून जी एकच उंची सांगितली जाते ती घरी भरू नका. संभाजीनगरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना कित्येक मीटरचा चढउतार आहे.

मोबाईलवरच्या जीपीएस ॲपचा आकडा भरण्याआधी ते ॲप कशापासून उंची मोजतं हे तपासा. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून, प्रत्यक्ष समुद्रपातळीपासून नव्हे. भारताच्या आसपास समुद्रपातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे, मराठवाड्यात हा फरक साधारण ६० ते ७० मीटरचा येतो. काही ॲप ही दुरुस्ती करत नाहीत. मग ५८० मीटरच्या अंगणात ते ५१५ दाखवतात, आणि तो आकडा घड्याळात गेला की सगळा ट्रेक ६५ मीटर खाली सरकतो. घड्याळांचं स्वतःचं जीपीएस सहसा ही दुरुस्ती करून देतं, तरी रेल्वेच्या पाटीशी एकदा ताडून बघा.

दुसरा मार्ग, म्हणजे दाब भरण्याचा, त्यातला सापळा अधिक खोल आहे. हवामानाच्या ॲपवर जो समुद्रसपाटीचा दाब दिसतो तो तिथल्या खऱ्या तापमानाचा हिशेब धरून काढलेला असतो. घड्याळ मात्र उंची काढताना एक ठरावीक, आखीव वातावरण गृहीत धरतं : समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट. त्या आखीव वातावरणात ५८० मीटरवर तापमान ११ अंश असायला हवं. मे महिन्यात संभाजीनगरात ११ अंश कुठून येणार? त्यामुळे दोन्ही हिशेब जुळत नाहीत.

घड्याळाला हवा असतो तो विमानतळाने जाहीर केलेला समुद्रसपाटीचा दाब. वैमानिकांची उंचीमापक यंत्रंही हेच आखीव वातावरण धरतात, म्हणून विमानतळ त्याच हिशेबाचा दाब जाहीर करतो. चिकलठाणा विमानतळाचं सांकेतिक नाव `VAAU` आहे. त्याचा हवामान संदेश इंटरनेटवर सहज मिळतो आणि साधारण असा दिसतो (हा फक्त नमुना) :

```
VAAU 280430Z 27008KT 6000 NSC 33/18 Q1008 NOSIG
```

यात `280430Z` म्हणजे २८ तारीख, जागतिक वेळ ०४:३०, त्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे दहा. `33/18` म्हणजे तापमान ३३ अंश आणि दवबिंदू १८. आपल्या कामाचा तुकडा `Q1008` : दाब १००८ हेक्टोपास्कल. घड्याळात हा भरला आणि तुम्ही विमानतळाच्या आसपास असाल, तर विमानतळाची उंची, म्हणजे सुमारे ५८२ मीटर, जवळपास बरोबर उमटेल. त्याच वेळी, त्याच तापमानाला हवामान ॲप १००३ च्या आसपास दाखवत असेल. तो आकडा भरला तर पाच हेक्टोपास्कलची तूट पडते आणि घड्याळ ५४० च्या जवळ अडकतं. ॲप चुकीचं नसतं, ते वेगळा हिशेब सांगत असतं. हिवाळ्याच्या पहाटे तापमान १०-१२ अंशांवर आलं की हे दोन आकडे जवळपास एक होतात. म्हणूनच डिसेंबरात जमलेली पद्धत एप्रिलमध्ये फसते.

संदेशाची वेळ मात्र बघा. तीन तासांपूर्वीचा दाब भरणं म्हणजे भरती-ओहोटीची चूक स्वतःच्या हाताने घालणं.

याच ठिकाणी आणखी एक शंका नेहमी येते : «ॲप १००८ म्हणतं आणि घड्याळाचा बॅरोमीटर ९४१ दाखवतो, बिघडलाय का?» नाही. काही घड्याळं जागेवरचा प्रत्यक्ष दाब दाखवतात, आणि ५८० मीटरवर तो ९४० च्या आसपासच असायला हवा. तो ओढून १००८ करू नका. दाबाच्या सेन्सरची कारखान्यात झालेली जुळणी त्याने बिघडते आणि ती पुन्हा बसवायला दुसरा विश्वासू बॅरोमीटर लागतो.

गाडीतला घाट

`Auto` मोडमध्ये घड्याळ एक अंदाज बांधतं. माणूस हालचाल करतोय आणि दाब बदलतोय, तर ती चढाई. माणूस स्थिर आहे आणि दाब बदलतोय, तर ते हवामान. चालताना हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. गाडीत बसलात की तो कोलमडतो. कन्नडचा घाट चढताना किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावाहून राजूरकडे जाताना तुमचा हात मांडीवर शांत असतो आणि दाब भराभर उतरतो. घड्याळ काही चढ हवामानाच्या खात्यात टाकतं, काही उंचीच्या. पायथ्याला उतरेपर्यंत दोन्ही आकडे बिघडलेले असतात, आणि अधूनमधून वादळाचा इशाराही वाजतो.

उपाय सोपा आहे. प्रवासात मोड फक्त अल्टिमीटरवर ठेवा आणि वादळाचा इशारा बंद करा. पायथ्याच्या गावात उतरल्यावर घड्याळ दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उंची लावा. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत हा मोड सेन्सरच्या सेटिंगमध्ये अल्टिमीटर किंवा बॅरोमीटरखाली मिळतो. सुंटोच्या घड्याळांत तो खेळाच्या प्रोफाइलसोबत बदलतो. साध्या तीन सेन्सरच्या कॅसिओत असा स्वयंचलित अंदाज सहसा नसतोच, तिथे सरळ संदर्भ उंची भरायची असते.

नकाशातल्या साठवलेल्या उंचीवरून जुळवणारी घड्याळं असतील, तर जुळणी कड्याच्या टोकावर करू नका. अशा नकाशात जमीन साधारण ३० मीटरच्या चौकटींत मोजलेली असते. सह्याद्रीत किंवा सातमाळ्यात कड्यापाशी जीपीएस ३० मीटर सरकलं तर घड्याळ दरीतल्या चौकटीचा आकडा उचलतं, आणि उंची एका क्षणात शंभर-दोनशे मीटर कोसळते. गावातलं मैदान, मंदिरासमोरची मोकळी जागा, पठार, अशीच ठिकाणं निवडा.

उष्ण हवेची तूट : कळसूबाईचा हिशेब

भरती-ओहोटी नीट सांभाळली तरी एक तूट उरते. गरम हवा फुगलेली आणि विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच चढाईत दाब कमी उतरतो आणि घड्याळ प्रत्यक्षापेक्षा कमी चढ दाखवतं. आखीव तापमानापेक्षा हवा १० अंशांनी गरम असेल तर तूट साधारण साडेतीन टक्के. बहुतेक घड्याळं ही दुरुस्ती करत नाहीत, कारण मनगटावरचं तापमान म्हणजे हवेचं तापमान नव्हे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. मे महिन्याची अखेर, काजव्यांचे दिवस. गट संभाजीनगरहून रात्री दहाला निघतो. घरी ५८० मीटर लावलंय. पहाटे पाचला कळसूबाईच्या माथ्यावर, खरी उंची १६४६ मीटर. म्हणजे लावल्यापासूनची चढाई १०६६ मीटर.

या पट्ट्यातली हवा सरासरी २४ अंश धरू. आखीव वातावरणात मधल्या उंचीवर सुमारे ८ अंश असतात, म्हणजे १६ अंशांचा फरक. त्यातून १०६६ मीटरवर साधारण ५७ मीटरची तूट. दुसरीकडे, रात्री दहाची भरती संपून पहाटेची ओहोटी चालू आहे. दाब दोन हेक्टोपास्कल उतरला असेल तर माथ्यावर घड्याळ त्यामुळे १७ मीटर जास्त दाखवेल. गोळाबेरीज : १६४६ वजा ५७ अधिक १७, म्हणजे १६०६.

आता तेच पायथ्याला लावून बघा. नकाशावरून पायथ्याची उंची ८०० मीटर मिळाली असं धरू आणि रात्री दीडला ती भरली. चढाई ८४६ मीटर, उष्णतेची तूट सुमारे ४७ मीटर. ओहोटीतलं आता एकच हेक्टोपास्कल शिल्लक, म्हणजे अधिक ८. घड्याळ १६०७ दाखवेल!

आकडा तोच आला, मग पायथ्याला लावण्याचा उपयोग काय? पहिल्या हिशेबात दोन मोठ्या चुका एकमेकींना खात होत्या, आणि हे निव्वळ वेळेच्या योगायोगाने घडलं. हाच गट सकाळी दहाला परत पायथ्याशी आला की सकाळची भरती असते, ओहोटीची अधिक बाजू नाहीशी होते आणि घरी लावलेलं घड्याळ पायथ्याला ८०० च्या जागी ७८० च्या घरात दाखवतं. पायथ्याला लावलेल्या घड्याळात उरते ती मुख्यतः उष्णतेची तूट, आणि ती डोक्यात दुरुस्त करता येते : उन्हाळ्यात दाखवलेल्या चढाईत दर शंभर मीटरला सहा मीटर मिळवा. वर घड्याळाने ८०७ मीटर चढाई दाखवली होती. सहा टक्के मिळवले की ८५५, खऱ्या ८४६ पासून नऊ मीटरवर. यापेक्षा जास्त अचूकतेची अपेक्षा या सेन्सरकडून ठेवू नये.

हिवाळ्याच्या रात्री हा गुणक तीन-साडेतीन टक्क्यांवर येतो. हिमालयात कडाक्याच्या थंडीत चिन्ह उलटतं, घड्याळ प्रत्यक्षापेक्षा जास्त चढाई दाखवायला लागतं. तिथे मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी नकाशातली उंची भरणं हाच खरा उपाय, कारण एका हेक्टोपास्कलची किंमतही तिथे १२ मीटर झालेली असते.

मुक्कामाला बॅरोमीटर

तंबू लागला, जागा पक्की झाली, की मोड बॅरोमीटरवर टाका. आता उंची स्थिर राहील आणि दाबाचे सगळे बदल हवामान म्हणून नोंदले जातील. निघताना पुन्हा अल्टिमीटरवर.

वादळाचा इशारा बऱ्याच घड्याळांत तीन तासांत ४ हेक्टोपास्कल घट झाली की वाजतो. आपल्याकडे दुपारी एक ते चारमध्ये रोजची ओहोटीच दोन-अडीच उतरवते. त्या वेळात शंभर मीटर चढलात आणि घड्याळाने त्यातलं थोडं जरी हवामानात टाकलं तरी इशारा वाजणार. म्हणून आलेखाचा नुसता उतार बघू नका. काल याच वेळी दाब किती होता ते बघा. जागा तीच, वेळ तीच आणि दाब कालपेक्षा तीन-चार हेक्टोपास्कल खाली असेल तर हवा खरोखर बदलतेय.

वळवाच्या पावसासाठी मात्र घड्याळावर विसंबू नका. एप्रिल-मेच्या दुपारी चढणारे ढग तासन्‌तास आधी दाब उतरवत नाहीत. थंड वाऱ्याचा झोत पोहोचतो तेव्हा दाब उलट एकदम वर जातो, आणि तोपर्यंत विजा डोक्यावर असतात. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दरवर्षी दगावतात. काळा ढग उभा राहताना दिसला किंवा गडगडाट कानावर आला की माथा आणि सोंड सोडून खाली उतरायचं, घड्याळात काहीही दिसो.

कंपास

कंपासच्या तक्रारीत पहिला सल्ला मिळतो तो चुंबकीय विचलन, म्हणजे खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला कोन, भरण्याचा. महाराष्ट्रात हे विचलन एका अंशापेक्षा कमी आहे, इथल्या ट्रेकला ते शून्य ठेवलं तरी चालतं. कुणी परदेशी व्हिडिओ बघून दहा अंश भरून ठेवले असतील तर तेवढं काढून टाका. दिशा १५-२० अंशांनी चुकत असेल तर कारण लोखंडात शोधायचं.

कंपास जुळवायला लोक गच्चीवर जातात, आणि तीच सर्वांत वाईट जागा. स्लॅबमध्ये सळ्यांचं जाळं, बाजूला टाकीचा लोखंडी सांगाडा. शेतात किंवा मैदानात जा, गाडी आणि विजेच्या तारांपासून दहा-पंधरा मीटर दूर. खिशातला मोबाईल, इअरफोनची डबी, चुंबकाची कडी असलेला पट्टा काढून ठेवा. नव्या घड्याळांत सेन्सरच्या सेटिंगमधून कंपासची जुळणी सुरू करून मनगट हवेत इंग्रजी आठाच्या आकारात सावकाश फिरवा, संदेश येईपर्यंत. जुन्या दोन बिंदूंच्या पद्धतीत घड्याळ सपाट ठेवून बटण दाबा, बरोबर अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा दाबा. हा अर्धा फेरा अंदाजाने नको. लाकडी पाटाची सरळ कड धरून फिरवा.

जुळणी झाल्यावर तपासणी रात्री करा. ध्रुवतारा खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत असतो. संभाजीनगरहून तो क्षितिजावर जेमतेम २० अंश दिसतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी. त्याच्याकडे तोंड करून घड्याळ सपाट धरलं की ३५५ ते ५ च्या दरम्यान आकडा यायला हवा.

डोंगरावर आणखी एक अडचण येते. आपला सगळा डोंगर बेसॉल्टचा, त्यात लोहयुक्त मॅग्नेटाइट असतं आणि वीज पडलेल्या माथ्यावरचा खडक चांगलाच चुंबकीय होऊ शकतो. कळसूबाईसारख्या ठिकाणी लोखंडी शिड्या आणि साखळ्याही आहेत. दिशा घेताना घड्याळ खडकावर ठेवू नका, छातीशी धरा. मग पाच-दहा पावलं बाजूला जाऊन तीच लांबची खूण पुन्हा पहा. आकडा पाच अंशांपेक्षा जास्त सरकला तर तिथे कंपास वापरायचाच नाही. आणि शिडीजवळ पुन्हा जुळणी तर मुळीच करू नका, नाहीतर तिथली चूक घड्याळ पुढे सगळीकडे घेऊन जाईल.

सेन्सरच खरा बिघडला असेल तर

घड्याळाच्या कडेला किंवा मागे दाबाच्या सेन्सरसाठी बारीक छिद्रं असतात. घाम, सनस्क्रीन आणि काळ्या मातीची धूळ यांची तिथे खळ बसते. लक्षण ठरलेलं आहे : चढताना आकडा बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम २०-३० मीटर उडी मारतो. घड्याळ कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, वाहत्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, सावलीत पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे किमान एक रात्र, कारण छिद्रात अडकलेला पाण्याचा थेंबही हीच उडी दाखवतो. टाचणी, सुई, टूथपिक अजिबात घालू नका, आतला पडदा फाटला की पाणी आत गेलंच. फुंकणीने किंवा कॉम्प्रेसरने हवा मारणंही तितकंच घातक. जाड जॅकेटची घट्ट बाही किंवा हातमोज्याचं रबर छिद्रावर बसलं असेल तर ते आधी सरकवून बघा.

त्यानंतर जिन्याची चाचणी घ्या. एका पायरीची उंची टेपने मोजा, साधारण १५ ते १८ सेंटिमीटर भरेल, आणि पायऱ्या मोजून चार मजले चढा. सत्तर पायऱ्या, प्रत्येकी १७ सेंटिमीटर, म्हणजे ११.९ मीटर. दोन मिनिटं वर थांबा. घड्याळाने १० ते १३ मीटर फरक दाखवला आणि खाली आल्यावर ते मूळ आकड्यापासून एक-दोन मीटरच्या आत परतलं, तर सेन्सर ठीक आहे. तीनदा करूनही प्रत्येक वेळी वेगळाच फरक आला, किंवा खाली आल्यावर आकडा पाच-सात मीटर वरच अडकून राहिला, तर जुळणीने ते सुटणार नाही. २४ तासांचे लिहिलेले आकडे आणि जिन्याची मापं सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला द्या. कागदावर हे दिसलं की तिथला माणूस नुसता रिसेट करून घड्याळ परत करत नाही, सेन्सर तपासतो.